फोटोग्राफीतले चार गुरू

प्रश्न: मी मराठी माध्यमातून शिकलो, आता आयटीत आहे आणि रोज अमेरिकेतल्या टीमशी कॉल असतात. ग्रामर ठीक आहे, पण लांब शब्दांवर समोरचे 'सॉरी?' म्हणतात. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर आणि फोटोग्राफीत 'टॉ'वर, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. एकाच शब्दात जोर असा का हलतो? याचे नियम आहेत, की हजारो शब्द पाठच करायचे?

उत्तर: इंग्रजी उच्चार शिकवण्यात माझी अठरा वर्षं गेली. त्यातले बहुतेक विद्यार्थी तुमच्यासारखेच, मराठी माध्यमातून आलेले आणि कामापुरतं इंग्रजी चांगलं असलेले. नियम आहेत, आणि रोज लागणारे मूठभरच आहेत. पण नियम कळूनही जीभ ऐकत नाही, आणि अडचण खरी तिथे आहे. म्हणून आधी जिभेचं बघू.

'फोटोग्राफी' हा शब्द देवनागरीत लिहा आणि शाळेत वृत्तं शिकताना करायचो तसे लघु-गुरू मोजा. फो गुरू, टो गुरू, ग्रा गुरू, फी गुरू. चारही गुरू! मराठीत आपण जोर असा वेगळा देतच नाही. जे अक्षर दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचं, ते आपोआप जरा उठून दिसतं. चारही सारखेच जड असले की कुठलंच उठत नाही आणि शब्द सपाट रुळावरून जातो. इंग्रजी कान मात्र उलट सवयीचा आहे. त्याला लांब शब्दात एक ठळक तुकडा हवा असतो आणि त्या तुकड्यावरूनच तो शब्द ओळखतो. तुम्ही चार ठळक तुकडे दिलेत की त्याला कळत नाही कुठला धरायचा. मग 'सॉरी?'

इंग्रज तोच शब्द म्हणतो तेव्हा साधारण असं ऐकू येतं: फ-ˈटॉ-ग्र-फी. ती छोटी उभी रेघ डिक्शनरीत असते तीच, आणि जोर तिच्या *पुढच्या* तुकड्यावर असतो. (काही जुन्या छापील डिक्शनऱ्यांत खूण जोराच्या तुकड्यानंतर असते, त्यामुळे आधी आपल्या डिक्शनरीची पद्धत बघून घ्या. एका विद्यार्थ्याने खूण उलटी वाचत सहा महिने चुकीचा सराव केला होता.) आता नीट बघा. 'टॉ' मोठा झाला हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'फो'चा 'फ' झाला आणि 'ग्रा'चा 'ग्र' झाला. जोर देणं म्हणजे एकाला उचलणं कमी आणि बाकीच्यांना दाबणं जास्त.

'फोटोग्राफ'मध्ये हेच उलटं होतं: ˈफो-ट-ग्राफ. इथे 'फो' शाबूत राहिला आणि 'टो'चा 'ट' झाला. आणि 'फोटोग्राफिक'मध्ये: फो-ट-ˈग्रॅ-फिक. स्पेलिंग तेच, पण कुठलं अक्षर पूर्ण आणि कुठलं 'अ' होऊन विरघळणार, हे दर वेळी जोर ठरवतो.

दाबलेला तो 'अ' इंग्रजी शिकणाऱ्या बऱ्याच परदेशी लोकांना जमत नाही. आपल्याला तो फुकट मिळालेला आहे. 'कमळ'मधला 'क', 'गवत'मधला 'ग', बस. त्यासाठी नवा आवाज शिकायचा नाहीये. फक्त स्पेलिंगमध्ये 'ओ' दिसला की 'ओ' म्हणायचं, ही सवय मोडायची आहे. ती सवय आपल्याला देवनागरीने लावली. आपल्याकडे लिहिलं तसं वाचायचं असतं, म्हणून इंग्रजी शब्दही आपण आधी मनातल्या मनात देवनागरीत उतरवतो आणि मग देवनागरीच वाचतो.

याला एक पुरावा तुमच्याच तोंडी आहे. भूगोलाला शाळेत इंग्रजीत काय म्हणायचात? 'जॉग्रफी'. 'जिओग्राफी' असं कोणी म्हणत नव्हतं. हा शब्द वाचून नाही, ऐकून आला, म्हणून जोर बरोबर जागी बसला आणि 'ग्राफी'ची 'ग्रफी' झाली. (तो 'जि' आपण खाऊन टाकला, पण काही बिघडत नाही.) फोटोग्राफी, बायोग्राफी, कॅलिग्राफी, सोनोग्राफी हे शब्द मात्र पाटीवर, पेपरात, रिपोर्टवर वाचून आले, म्हणून चार-चार गुरू घेऊन आले. मी पहिल्या तासाला हेच सांगते: तुमच्याकडे एक अस्सल 'ग्रफी' आहे, बाकीच्या तिलाच टांगा. जि-ˈऑ-ग्रफी, फ-ˈटॉ-ग्रफी, बाय-ˈऑ-ग्रफी, क-ˈलि-ग्रफी, स-ˈनॉ-ग्रफी. सलग पाच वेळा म्हणा. शेवट तसाच राहतो आणि जोर त्याच्या बरोबर आधी पडतो.

आता तुमचा 'का'. इंग्रजीत शब्दांची ढोबळ दोन घराणी आहेत. जुने घरचे शब्द आपला जोर सोडत नाहीत. 'नेबर'वर जोर पहिल्या तुकड्यावर, 'नेबरहुड' आणि 'नेबरली' केलं तरी तिथेच. लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचकडून आलेले शब्द मात्र जोराची जागा शेवटाकडून मोजतात. शेपटी बदलली की मोजणी बदलते आणि जोर सरकतो. 'फोटोग्राफी' या दुसऱ्या घराण्यातला. प्रकाश आणि लिहिणं या दोन ग्रीक शब्दांपासून तो घडवलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1839 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तो वापरला आणि तो रुळला. शब्द नवा होता, पण मोजणीची रीत त्याच्याबरोबर जुनीच आली.

लॅटिनची ही मोजणी मराठी माणसाला आवडावी अशी आहे, कारण तीही लघु-गुरूचीच आहे. शेवटून दुसरा तुकडा गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर एक घर मागे, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. 'अजेंडा'त 'जें' गुरू, म्हणून अ-ˈजें-ड. 'सिनेमा'त मात्र इंग्रजीच्या हिशेबी मधला तुकडा लघु, म्हणून ˈसि-न-म. आपण 'ने' दीर्घ लिहितो आणि तिथेच फसतो. मात्र यावरून अनोळखी शब्दाचा उच्चार काढायला जाऊ नका, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून स्वर लघु की गुरू हे दर वेळी कळत नाही. ही रीत कारण समजायला ठीक आहे, कामाला शेपट्याच घ्याव्यात.

कामाच्या शेपट्यांचे मी तीन गट करते.

पहिला गट जोर आपल्या लगेच आधीच्या तुकड्यावर ओढतो. 'इक', 'शन' आणि 'इटी' हे त्यातले मुख्य. फोटो-ˈग्रॅ-फिक, एज्यु-ˈके-शन, पर्स-ˈनॅ-लिटी. गंमत म्हणजे यातले बरेच शब्द आपण न शिकताच बरोबर म्हणतो. 'एज्युकेशन'मध्ये 'के' दीर्घ आहे, 'युनिव्हर्सिटी'त 'व्हर्' जोडाक्षराआधी आहे, त्यामुळे मराठी गुरू आणि इंग्रजी जोर एकाच जागी येतात. जिथे दोघांच्या जागा जुळत नाहीत, तिथेच काम करायचं.

दुसरा गट जोर शेवटून तिसऱ्यावर नेतो. 'ग्रफी', 'लॉजी', 'क्रसी' आणि मोजायच्या उपकरणांचा 'मीटर' हे त्यातले. बाय-ˈऑ-ल-जी, डि-ˈमॉ-क्र-सी, थ-ˈमॉ-मि-टर. लांबीच्या एककांचा 'मीटर' मात्र या गटात नाही, म्हणून ˈसें-टि-मी-टर. 'किलोमीटर' खरं तर एककच आहे, पण कितीतरी इंग्रज त्याला थर्मोमीटरच्या पंगतीत बसवून कि-ˈलॉ-मि-टर म्हणतात. दोन्ही चालतं, त्यावर वाद घालत बसू नका.

तिसरा गट जोराला हातच लावत नाही: 'नेस', 'ली', 'मेंट', 'फुल', 'इंग' आणि बहुतेक वेळा 'अर'. 'डेव्हलप'चा जोर मधल्या तुकड्यावर, डि-ˈव्हे-लप. म्हणून 'डेव्हलपमेंट'चाही तिथेच. आपण तो 'डे'वर देतो, आणि आयटीत हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. सुरुवात याच्यापासूनच करा.

इथे एक हुशार विद्यार्थी हमखास अडवतो: 'अर' जोर हलवत नाही म्हणता, मग 'फोटोग्राफ'चं 'फ-ˈटॉ-ग्र-फर' कसं झालं? बरोबर आहे. हा शब्द 'फोटोग्राफ'ला नाही, 'फोटोग्राफी'ला जोडलेला समजा, म्हणजे कोडं सुटतं. जिऑग्रफर, बायॉग्रफर हे शब्दही तसेच जिऑग्रफी आणि बायॉग्रफीच्या बरोबर चालतात.

आणखी एक बारकावा, कारण बरेच जण इथे अडकतात. 'फोटोग्राफी'त 'फो'चा 'फ' झाला, मग 'फोटोग्राफिक'मध्ये 'फो' का वाचला? मुख्य जोराला चिकटून आधी बसलेला तुकडा सहसा दबतो. पण त्याच्याही आधी एक तुकडा असेल, तर त्याला हलका, दुय्यम जोर मिळतो आणि त्याचा स्वर शाबूत राहतो. डिक्शनरीत त्यासाठी खाली उभी रेघ असते. 'डेमोक्रॅटिक'मध्ये तेच: डे-म-ˈक्रॅ-टिक. 'डे' हलका उचललेला, 'म' दबलेला, 'क्रॅ' मुख्य.

आता एक विद्यार्थिनी. एका कंपनीत डेटाचं काम करायची, शिकागोतल्या टीमशी बोलायची. तिचा अडखळणारा शब्द 'अ‍ॅनालिसिस', आणि त्यावाचून तिचं एक वाक्य पुरं होत नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिला चार शब्द एकाखाली एक लिहायला लावले: अ‍ॅनलाइज, अ‍ॅनालिस्ट, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल. मग डिक्शनरी बघून प्रत्येकात फक्त जोराचा तुकडा शोधायला सांगितला. निघालं ते असं: ˈअ‍ॅ-न-लाइज, ˈअ‍ॅ-न-लिस्ट, अ-ˈनॅ-ल-सिस आणि अ‍ॅ-न-ˈलि-टि-कल. पहिल्या दोघांत जोर सुरुवातीला, तिसऱ्यात शेवटून तिसऱ्यावर, आणि चौथ्यात 'इक'च्या आधी, कारण 'कल' हा 'इक'लाच लागलेला लोंबता तुकडा आहे.

मग मी तिला विचारलं, असाच आणखी कुठला शब्द घरात ऐकला आहेस? जरा विचार करून ती म्हणाली, 'पॅरालिसिस! आजीला झाला होता.' बरोबर जोडी सापडली होती. ˈपॅ-र-लाइज, प-ˈरॅ-ल-सिस, पॅ-र-ˈलि-टिक. साचा तोच. त्यानंतर ती 'अनॅलिसिस' कधी विसरली नाही, कारण तिच्यापुरता नियम 'पॅरालिसिसचा भाऊ' असा झाला. एक ओळखीचा शब्द आणि त्याला टांगलेले नवे, एवढाच तो उपाय.

पण पहिल्या आठवड्यात तिचं एक चुकलं, आणि जवळपास सगळ्यांचं हेच चुकतं. ती 'नॅ'वर जोर द्यायची म्हणजे 'नॅ' ओरडायची. बाकीचे तुकडे होते तसेच पूर्ण: अ‍ॅ-नॅ-ली-सिस. शब्द आधीपेक्षा लांब झाला आणि वर भांडल्यासारखा ऐकू येऊ लागला. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. जोर बरोबर बसला की शब्दाला आधीपेक्षा कमी वेळ लागतो, कारण दाबलेले तुकडे झटकन उरकतात. वेळ वाढला असेल तर तुम्ही नुसता आवाज चढवलाय. मी तिला 'नॅ' विसरायला सांगितलं. फक्त पहिला 'अ' 'अजून'मधल्या 'अ'सारखा म्हण आणि 'ली'चा 'ल' कर. 'नॅ' आपोआप वर आला.

दुसऱ्या आठवड्यात दुसरं दुखणं. एकटा शब्द झकास यायचा, पण कॉलवर घाईत पुन्हा 'अ‍ॅनालिसिस'. तोंडाला सवय शब्दाची लागली होती, वाक्याची नाही. म्हणून तिच्याच कामातले तुकडे घेतले: 'डेटा अनॅलिसिस', 'इन माय अनॅलिसिस', 'द अनॅलिसिस शोज'. रोज कॉलच्या आधी दहा मिनिटं, तेवढेच. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती म्हणाली की आता शब्द बोलून झाल्यावर तिला तिचंच कळतं, चुकला की बरोबर आला. मी याचीच वाट बघत असते. चूक आपल्याला ऐकू यायला लागली की मग ती दुरुस्तही आपणच करतो.

तुमच्यासाठी असं सांगेन. तुमच्या गेल्या आठवड्यातल्या मेलमधून तीन किंवा जास्त तुकड्यांचे, वारंवार येणारे पंधरा शब्द काढा. पुस्तकातली यादी नको, तुमचेच शब्द हवेत. प्रत्येक शब्द डिक्शनरीत ऐका, खूण बघा आणि वहीत तो दबलेल्या स्वरांसकट देवनागरीत लिहा. 'डेव्हलपमेंट' नाही, 'डिˈव्हेलप्मंट'. हसू येईल, पण मराठी डोळ्याला हेच सगळ्यात लवकर कळतं. मग शब्द न म्हणता त्याची नुसती चाल तोंड मिटून गुणगुणा: फोटोग्राफीला 'म-मं-म-म', फोटोग्राफला 'मं-म-म'. चाल पक्की झाली की शब्द घाला, आणि मग वाक्य. फोनवर रेकॉर्ड करा, पण लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की आपल्याला जे म्हणायचं होतं तेच ऐकू येतं.

आणि आठवड्याला एक पूर्ण कुटुंब. 'डेमोक्रॅट' घेऊन बघा, डिक्शनरी न उघडता. डेमोक्रॅट, डेमोक्रसी, डेमोक्रॅटिक. फोटोग्राफच्या कुटुंबावर ठेवलंत की तिन्ही बरोबर बसतात: ˈडे-म-क्रॅट, डि-ˈमॉ-क्र-सी, डे-म-ˈक्रॅ-टिक.

नियम फसतात तिथेही एक नजर टाकते. 'इक'चा नियम 'अरेबिक', 'पॉलिटिक्स', 'कॅथलिक' यांना लागत नाही, तिघांतही जोर पहिल्यावर. 'अरिथमॅटिक' तर नाम असताना अ-ˈरिथ-म-टिक आणि विशेषण असताना अ‍ॅ-रिथ-ˈमे-टिक. 'टेलिव्हिजन'मध्ये जोर 'शन'च्या आधी असायला हवा होता, पण बहुतेक लोक तो 'टे'वर देतात. असे शब्द थोडे आहेत आणि रोजचे आहेत, त्यामुळे ऐकून पाठ होतात. तुमची टीम अमेरिकन असल्याने काही शब्द ब्रिटिश डिक्शनरीपेक्षा वेगळे निघतील. 'लॅबोरेटरी' ब्रिटिश ल-ˈबॉ-र-ट्री म्हणतो, अमेरिकन ˈलॅ-ब्र-टो-री. 'अ‍ॅडव्हर्टाइजमेंट'लाही तसंच. डिक्शनरीत दोन्ही उच्चार दिलेले असतात, तुम्ही अमेरिकन बटण दाबा आणि एकालाच धरून राहा.

अमेरिकनांचं ऐकताना 'ट'कडेही लक्ष द्या. जोराच्या तुकड्यातला 'ट' ते श्वास सोडून खणखणीत म्हणतात. जोर सरकला की तोच 'ट' 'ड'कडे झुकतो. त्यांचा 'फोटोग्राफ' 'फोडग्रॅफ'सारखा ऐकू येतो आणि 'फोटोग्राफी'तला 'टॉ' मात्र स्पष्ट. जोर कुठे आहे हे ओळखायला कानाला मिळणारी ही आणखी एक खूण.

आता हे सगळं किती करायचं, ते ऐकणारा कोण यावर आहे. तुमच्या टीममध्ये पुणे, चेन्नई आणि गुरगावचेच लोक असते, तर मी तुम्हाला यातलं फारसं काही करायला सांगितलं नसतं. भारतात आपण एकमेकांचं सपाट 'फोटोग्राफी' बिनबोभाट समजून घेतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन तपासणीला गेले, काउंटरवरच्या मुलीला सवयीने 'सनॉग्रफी' म्हणाले. तिने पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'ते आपल्याकडे होत नाही मॅडम. सोनोग्राफी करायची आहे का?'